व्हिनेगरचं टायट्रेशन: टक्केवारी चुकते तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सोडिअम हायड्रॉक्साइडने मोजायचं हा प्रयोग कागदावर चार ओळींचा आहे. प्रत्यक्षात बाटलीवर ४ टक्के छापलेलं असतं आणि वहीत ४.३५ येतं, १.२ येतं, किंवा दोन रीडिंग एकमेकांशी जुळतच नाहीत. कारणं मात्र पुन्हा पुन्हा तीच असतात. ती शोधायचा क्रम इथे दिला आहे. फुकटात होणारी तपासणी आधी आहे, वेळ आणि रसायन खर्च करणारी नंतर.

सगळीकडे एकच मांडणी धरली आहे. पांढरं, लेबलवर ४ टक्के लिहिलेलं व्हिनेगर १० मिलि घेऊन व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये १०० मिलि केलं. त्यातलं २५ मिलि कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं आणि वॉश बॉटलने कडा धुत साधारण २५ मिलि पाणी वाढवलं. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडिअम हायड्रॉक्साइड, दर्शक फिनॉल्फ्थॅलीन. सगळं बरोबर असेल तर सी.बी.आर. म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग १६.६५ मिलिच्या आसपास यायला हवं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे त्याच्याशीच ताडून पाहायचं आहे.

आधी लक्षण ओळखा

रीडिंग एकमेकांशी जुळत नाहीत, की जुळतात पण उत्तर चुकतं? हे दोन वेगळे आजार आहेत. १६.४, १७.१, १६.७ अशी रीडिंग येत असतील तर दोष हाताळणीत आहे: पिपेट, ब्युरेट, नीट न मिसळलेलं द्रावण किंवा शेवटचा बिंदू ओळखण्यातली घाई. १८.१, १८.१, १८.१ असं येत असेल तर तुमचा हात चांगला आहे. मग दोष द्रावणात, दर्शकात किंवा गणितात आहे. अशा वेळी टायट्रेशन आणखी दहा वेळा केलं तरी तेच चुकीचं उत्तर आणखी खात्रीने मिळेल.

उत्तर किती चुकलंय हीसुद्धा खूण असते. चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा येत असेल आणि रंग हळूहळू बदलत असेल तर दर्शकाकडे बघा. दहापट किंवा अडीचपट फरक म्हणजे गणित. पाच-दहा टक्क्यांनी जास्त म्हणजे बहुतेक वेळा सोडिअम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी. तेवढ्याच फरकाने कमी आणि गुलाबी रंग सारखा विरतोय, तर पाणी.

पहिली तपासणी: गणित (खर्च शून्य)

इथून सुरुवात करायची कारण यात काचेचं एकही भांडं परत धुवावं लागत नाही. सूत्र असं:

```
टक्के (ग्रॅम, १०० मिलि मध्ये) = रीडिंग × नॉर्मॅलिटी × ६.००५ ÷ फ्लास्कमधलं मूळ व्हिनेगर (मिलि)
```

ॲसेटिक आम्लाचं रेणुवस्तुमान ६०.०५ आहे आणि एका रेणूतला एकच हायड्रोजन आम्लाचा म्हणून वागतो, त्यामुळे सममूल्य वस्तुमानही ६०.०५च. चूक होते ती भागाकाराच्या आकड्यात. कॉनिकल फ्लास्कमध्ये २५ मिलि द्रावण असलं तरी त्यातलं मूळ व्हिनेगर २.५ मिलिच आहे, कारण आपण ते दहापट पातळ केलं आहे.

२.५ च्या जागी २५ घातले तर उत्तर ०.४० येतं. २५ मिलिचं पिपेट वापरून १० मिलिच्या पिपेटचं सूत्र लावलं, म्हणजे १ ने भागलं, तर १०.० येतं. उलट १० मिलि घेऊन २.५ ने भागलं तर १.६. हे तीन आकडे ओळखीचे वाटले तर प्रयोग परत करू नका, वही दुरुस्त करा.

नंतर कॉनिकल फ्लास्कमध्ये वाढवलेलं २५ मिलि पाणी मात्र गणितात कुठेही येत नाही. त्याने द्रावण पातळ होतं, पण फ्लास्कमधल्या आम्लाचे रेणू तेवढेच राहतात. मोजून घेतलेल्या व्हिनेगरची तीव्रता ज्या पाण्याने ठरली तेच पाणी हिशेबात धरायचं, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमधलं. हा फरक पक्का झाला की निम्मे गोंधळ संपतात.

दुसरी: दर्शकाची बाटली

बाटलीवरचं नाव वाचा. फार साधी गोष्ट वाटेल, पण प्रयोगशाळेच्या फळीवर मिथिल ऑरेंज आणि फिनॉल्फ्थॅलीन शेजारी शेजारी असतात. आधीच्या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आम्लासाठी मिथिल ऑरेंज चाललेलं असतं, त्यामुळे इथेही चालेल असं वाटतं.

ते का चालत नाही हे आकड्यांतून पाहा. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. निम्मं आम्ल संपतं तेव्हा द्रावणाचा सामू साधारण ४.७६ असतो आणि त्याच्या मागेपुढे तो बराच वेळ रेंगाळतो, कारण आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले की सामूचा बदल ते थोपवून धरतात. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पट्ट्यात लालचं पिवळं होतं. आपल्या पातळ व्हिनेगरचा सुरुवातीचा सामूच ३ च्या जवळ आहे. म्हणजे ब्युरेट उघडताच रंग सरकायला लागतो आणि सुमारे ३० टक्के आम्ल संपतं तोवर पूर्ण पिवळा होतो. रीडिंग ५ मिलि, उत्तर १.२ टक्के. शिवाय रंग नेमका कधी बदलला हे दोन माणसं दोन वेगळ्या ठिकाणी सांगतील, त्यामुळे रीडिंगही जुळणार नाहीत.

मिथिल रेडने चूक कमी होते पण जात नाही. त्याचा पट्टा ४.४ ते ६.२ आहे, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांपासून ९६ टक्क्यांपर्यंत रंग लांबत राहतो. ब्रोमोथायमॉल ब्लू हिरव्यावर, सामू ७ च्या आसपास, थांबवला तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास आम्ल उरतं. "उदासीन म्हणजे सामू ७" ही शाळेतली ओळख इथे घात करते. सगळं आम्ल संपल्यावर फ्लास्कमध्ये सोडिअम ॲसिटेट उरतं आणि त्याचं द्रावण किंचित आम्लारिधर्मी असतं. आपल्या मांडणीत सामू ८.६ येतो.

आता शेवटच्या थेंबांकडे पाहा. सममूल्य बिंदूच्या एक थेंब आधी सामू साधारण ७.३ असतो, एक थेंब नंतर ९.९. फिनॉल्फ्थॅलीनचा पट्टा ८.३ ते १० आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण या उडीच्या आत. म्हणून तो एका थेंबात रंगहीनचा गुलाबी होतो. थायमॉल ब्लूचा दुसरा पट्टा, ८.० ते ९.६, हाही इथे बसतो. पिवळ्याचा निळा होतो आणि रंगीत व्हिनेगरच्या वेळी तो उपयोगी पडतो.

दर्शक दोन-तीन थेंबच घाला, अल्कोहोलमधलं १ टक्का द्रावण असेल तर पुरे. जास्त ओतलं तर पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन गढूळ होऊन बाहेर पडतं. शिवाय दर्शक स्वतःच सौम्य आम्ल असल्यामुळे थोडं सोडिअम हायड्रॉक्साइड तोही खातो. प्रत्येक फ्लास्कमध्ये थेंब सारखेच असू द्या.

आणि थांबायचं कुठे? संपूर्ण फ्लास्क हलवल्यावर अगदी फिकट, पांढऱ्या टाइलवर धरल्याशिवाय दिसणार नाही असा गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तिथे. राणी रंग आला म्हणजे तुम्ही दोन-तीन थेंब पुढे गेलात. एक थेंब सुमारे ०.०५ मिलि धरला तर तीन थेंबांत १६.६५ ची १६.८० होते, जवळजवळ एक टक्का जास्त. मिनिटाभराने रंग विरला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो म्हणून तो विरतो. त्यानंतर आणखी थेंब घालायचा नाही.

तिसरी: कुठलं भांडं कशाने विसळलं

रीडिंग एकमेकांशी जुळत नसतील तर सगळ्यात आधी इथे बघा. नियम एकच आहे: ज्या भांड्याने द्रावण मोजायचं ते त्याच द्रावणाने विसळायचं, ज्या भांड्यात अभिक्रिया होणार ते फक्त डिस्टिल्ड पाण्याने.

पाण्याने धुतलेलं ब्युरेट तसंच भरलं तर आतल्या पाण्याने सोडिअम हायड्रॉक्साइड पातळ होतं, जास्त लागतं आणि उत्तर वाढतं. ही चूक पहिल्या रीडिंगला जास्त आणि पुढच्यांना कमी असते. म्हणून रीडिंग दर वेळी थोडं थोडं उतरत जात असेल तर कारण बहुधा हेच. पिपेट फक्त पाण्याने धुतलेलं असेल तर उलट, उत्तर कमी येतं. कॉनिकल फ्लास्क "स्वच्छ राहावा" म्हणून व्हिनेगरच्या द्रावणाने विसळला तर आतल्या भिंतीला चिकटलेलं आम्ल जादा मोजलं जातं.

ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलेला असतो. तो मध्येच निसटला तर तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच रीडिंगमध्ये धरलं जातं. सुरू करण्याआधी नळी पूर्ण उघडून धार सोडा आणि टोक भरल्याची खात्री करा. भरताना लावलेलं फनेल काढून टाका, कारण त्यातून नंतर गळणारे एक-दोन थेंब रीडिंग कमी दाखवतात. मेनिस्कसचा खालचा काठ डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा, आणि सुरुवातीला वाचला तसाच शेवटीही वाचा.

पिपेटच्या टोकात राहणारा शेवटचा थेंब फुंकायचा नाही. साधं पिपेट तो थेंब सोडून मोजायलाच बनवलेलं असतं. टोक भिंतीला टेकवून काही सेकंद थांबा आणि काढून घ्या. तोंडाने ओढू नका, रबरी बल्ब वापरा.

चौथी: पातळ करताना काय झालं

व्हिनेगर पातळ न करता थेट १० मिलि घेतलं तर ०.१ नॉर्मल द्रावण जवळपास ६७ मिलि लागेल. म्हणजे ५० मिलिचं ब्युरेट मध्येच परत भरावं लागेल आणि वाचनाच्या चुका दुप्पट होतील. थेट २ मिलि घेता येतं, पण तिथे पिपेटमधली ०.०५ मिलिची चूक म्हणजे अडीच टक्के. दहा मिलिवर तीच चूक अर्धा टक्का होते. पातळ करण्याचं खरं कारण हे आहे: मोठं, विश्वासाने मोजता येणारं आकारमान घ्यायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा वापरायचा.

त्याच कारणाने फ्लास्कमध्ये १० ऐवजी २५ मिलि घेतलेलं बरं. १० मिलि घेतलं तर रीडिंग ६.६५ येतं आणि एका थेंबाची चूक पाऊण टक्का होते. २५ मिलिवर ती ०.३ टक्के राहते. प्रयोगशाळेत १० मिलिचंच पिपेट असेल तर दोनदा घेऊन २० मिलि करा आणि भागाकारात २ घाला.

पण पहिल्या पायरीवर झालेली चूक पुढे कुठेच दिसत नाही. १० मिलिच्या ऐवजी ९.८ घेतले गेले तर पुढची सगळी रीडिंग छान जुळतील आणि सगळी २ टक्क्यांनी कमी असतील. म्हणून ही पायरी मोजपात्राने करायची नाही, पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क यांनीच करायची. संशय असेल तर त्याच बाटलीतून दुसरा फ्लास्क नव्याने तयार करा आणि एकच टायट्रेशन करा. दोन फ्लास्कची उत्तरं वेगळी आली तर दोष इथेच सापडला.

मिसळणंही इथेच राहून जातं. फ्लास्क खुणेपर्यंत भरल्यावर वरच्या अरुंद मानेत जवळजवळ नुसतं पाणी असतं. दोन वेळा हलवून ते खाली उतरत नाही. बूच घट्ट धरून फ्लास्क पूर्ण उलटा-सुलटा करा, दहा-पंधरा वेळा. पहिलं आणि तिसरं रीडिंग अर्ध्या मिलिने वेगळं येत असेल तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. व्हिनेगर फ्रिजमधलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पाचवी: पाणी

नळाच्या किंवा बाटलीबंद पाण्यात बायकार्बोनेट असतं. समजा पाण्याची अल्कता कॅल्शिअम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, बोअरच्या पाण्यात तर सहज असते. असं ९० मिलि पाणी १० मिलि व्हिनेगरमधलं सुमारे ५ टक्के आम्ल खातं. कॉनिकल फ्लास्कमध्ये वाढवलेलं पाणीही नळाचंच असेल तर आणखी साधारण तेवढंच.

या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हलवताना जेवढा उडून जातो तेवढं आम्ल हिशेबातून हरवतं. जेवढा पाण्यात विरघळून राहतो तो स्वतः सोडिअम हायड्रॉक्साइड खातो, म्हणजे हरवलेल्यातलं काही परत मोजलं जातं. फ्लास्क किती जोरात हलवला त्यावर उत्तर ठरायला लागतं, आणि गुलाबी रंग येतो-जातो, येतो-जातो. अशा रंगाच्या मागे थेंब घालत राहण्यात अर्थ नाही, पाणीच बदला.

डिस्टिल्ड पाणी वापरा. ते बरेच दिवस उघडं राहिलेलं असेल तर पाच-दहा मिनिटं उकळून, झाकून थंड करा. एक ब्लँक घ्या: व्हिनेगर न घालता ५० मिलि पाणी, तेवढेच थेंब दर्शक, आणि फिकट गुलाबी होईपर्यंत सोडिअम हायड्रॉक्साइड. एका थेंबात रंग आला तर पाणी ठीक. ०.२ मिलिच्या वर लागत असेल तर त्यात कार्बन डायऑक्साइड आहे. मात्र ब्लँक बायकार्बोनेट पकडत नाही, कारण फिनॉल्फ्थॅलीनच्या पट्ट्यापर्यंत बायकार्बोनेट सोडिअम हायड्रॉक्साइड जवळजवळ खातच नाही. "ब्लँक चांगला आला, म्हणजे नळाचं पाणी चालेल" हा निष्कर्ष म्हणून चुकतो.

सहावी: सोडिअम हायड्रॉक्साइडची खरी नॉर्मॅलिटी

जुळणारी पण वाढलेली रीडिंग असतील तर इथे थांबून वेळ द्या. या प्रयोगातला हा सगळ्यात मोठा दोष आहे.

४ ग्रॅम गोळ्या तोलल्या, एक लिटर केलं, म्हणजे ०.१ नॉर्मल झालं असं धरता येत नाही. गोळ्या तोलत असतानाच हवेतलं पाणी ओढतात, पावसाळ्यात काट्यावर अक्षरशः ओलसर होतात. त्याशिवाय कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांच्यावर कार्बोनेटचा थर बसतो. म्हणजे ४ ग्रॅममध्ये सोडिअम हायड्रॉक्साइड कमीच असतं. द्रावण ०.१ पेक्षा कमजोर, त्यामुळे जास्त लागतं, आणि तुम्ही ०.१ ने गुणता, त्यामुळे उत्तर वाढतं.

उपाय म्हणजे प्रमाणित करणं. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक, दोन रेणू पाण्यासह असलेले, १.५७६ ग्रॅम अचूक तोलून २५० मिलि केले की ०.१ नॉर्मल द्रावण मिळतं. हे स्फटिक भट्टीत वाळवायचे नाहीत, वाळवले तर त्यांतलं पाणी निघून जातं आणि तोललेलं वजन खोटं ठरतं. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, हात धुवा. पोटॅशिअम हायड्रोजन थॅलेट असेल तर जास्त चांगलं: ते ११० ते १२० अंशांना वाळवून सुमारे ०.५१ ग्रॅम प्रत्येक फ्लास्कमध्ये थेट तोलायचं, साधारण २५ मिलि लागतं.

एक प्रत्यक्ष हिशेब पाहू. व्हिनेगरची रीडिंग १८.१, १८.१, १८.१. नॉर्मॅलिटी ०.१ धरली तर १८.१ × ०.१ × ६.००५ ÷ २.५ = ४.३५ टक्के. गणित तपासलं, ठीक. दर्शक फिनॉल्फ्थॅलीन, ठीक. दुसरा फ्लास्क बनवला, परत १८.१. मग २५ मिलि ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाला किती लागतं ते पाहिलं: २७.१ मिलि. म्हणजे खरी नॉर्मॅलिटी २५ × ०.१ ÷ २७.१ = ०.०९२२५. हा आकडा घालून १८.१ × ०.०९२२५ × ६.००५ ÷ २.५ = ४.०१ टक्के. व्हिनेगर लेबलप्रमाणेच होतं. ०.०५ मिलिचा ब्लँक दोन्ही रीडिंगमधून वजा केला तरी उत्तर ४.०१च राहतं, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखी आहे. एकाच रीडिंगमधून वजा केला तर मात्र तसं होत नाही.

प्रमाणित करतानाही दर्शक फिनॉल्फ्थॅलीनच ठेवा. काही ठिकाणी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मिथिल ऑरेंज घेऊन नॉर्मॅलिटी काढतात. द्रावणात कार्बोनेट असेल तर मिथिल ऑरेंजपाशी ते पूर्ण मोजलं जातं, फिनॉल्फ्थॅलीनपाशी निम्मंच. नॉर्मॅलिटी जास्त निघते आणि व्हिनेगरचं उत्तरही त्या प्रमाणात वाढतं. दोन्हीकडे एकच दर्शक असेल तर ही चूक आपोआप फिटते.

द्रावण प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि वापरण्याच्या दिवशीच प्रमाणित करा. काम झालं की ब्युरेट रिकामं करून धुवा, नाहीतर काचेची चावी घट्ट बसते.

सातवी: रंगीत व्हिनेगर

गोव्याकडचं माडाचं व्हिनेगर तपकिरी, किंचित गढूळ असतं, जांभळाचं तर गडद. इथे फिकट गुलाबी शोधणं कठीण. सोपा उपाय असा की कॉनिकल फ्लास्कमध्ये २५ ऐवजी १०० मिलि उकळून थंड केलेलं पाणी घाला. वर म्हटल्याप्रमाणे त्याने गणित बदलत नाही, रंग मात्र फिका होतो. शेजारी तसाच, पण सोडिअम हायड्रॉक्साइड न घातलेला फ्लास्क ठेवून तुलना करा.

जांभूळ, द्राक्षं यांचे रंग आम्लात लाल आणि आम्लारीत निळसर-हिरवट होतात, म्हणजे ते स्वतःच दर्शकासारखे वागतात आणि तुलनेचा फ्लास्कही उपयोगाचा राहत नाही. तिथे सामूमापक वापरा. तो ७ आणि ९.२ च्या बफरने जुळवून घ्या आणि सामू ८.६ ला थांबा. ८.२ ला थांबलात तरी फरक नगण्य आहे, कारण तिथपर्यंत ९९.९ टक्क्यांहून जास्त आम्ल संपलेलं असतं.

रंग घालवायला कोळशाची पूड वापरू नका. कोळसा रंगाबरोबर ॲसेटिक आम्लही धरून ठेवतो. बी.एस्सी.ला कोळशावरच्या अधिशोषणाच्या प्रयोगात हेच आम्ल वापरतात ते त्यामुळेच. उत्तर कमी येईल आणि कारण कळणार नाही.

कुठे थांबायचं

प्रमाणित केलेलं द्रावण, नवा फ्लास्क, डिस्टिल्ड पाणी, एवढं करूनही लागोपाठची तीन रीडिंग ०.१ मिलिच्या आत येत नसतील तर काचसामान संशयास्पद आहे. गळणारी चावी किंवा चुकीची खूण घरी दुरुस्त होत नाही. भांडं बदला, किंवा अंशांकन करणाऱ्याकडे द्या.

हे टायट्रेशन एकूण आम्लता मोजतं आणि ती ॲसेटिक आम्लाच्या भाषेत सांगतं. सफरचंदाच्या व्हिनेगरमधलं मॅलिक आम्ल, द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल, सगळं याच आकड्यात येतं. व्हिनेगर आंबवून केलंय की कृत्रिम आम्ल पातळ करून, हे यातून कळणार नाही. सल्फ्युरिक आम्लासारखं खनिज आम्ल मिसळलं असेल तरी फिनॉल्फ्थॅलीन ते गुपचूप मोजून टाकेल. असा संशय असेल तर पुढे टायट्रेट करत बसू नका, आणि चव घेऊन तर मुळीच ठरवू नका. बंद बाटली तशीच अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या.

व्हिनेगर विकायचं असेल किंवा कुणाशी वाद असेल तरीही तेच. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार किमान आम्लता ३.७५ टक्के लागते. तुमचं उत्तर ३.७ ते ३.८ च्या मध्ये आलं तर वर सांगितलेल्या छोट्या चुकांपैकी एखादी पुरेशी आहे निकाल फिरवायला. अशा आकड्यावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच घ्या.

बाटलीवर ग्लेशिअल ॲसेटिक आम्ल किंवा तीव्र व्हिनेगर असं लिहिलं असेल तर ही मांडणी तिला लावू नका. ते त्वचा भाजतं, त्याची वाफ झोंबते, आणि १० मिलिचं प्रमाण तिथे लागूच नाही. वायुवीजनाची सोय आणि जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय ती उघडू नये. सोडिअम हायड्रॉक्साइड डोळ्यात उडालं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. व्हिनेगर टाकून ते "उदासीन" करायला जाऊ नका.